दोन तारा, एक सूर : मँडोलिनवर लांब सूर कसा उभा राहतो

(जळगावात दिलेल्या आणि नंतर धुळ्यात प्रात्यक्षिकासह पुन्हा सांगितलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आम्ही मँडोलिन घेऊन आलो आहोत, पण मैफल करायला नाही. एकच प्रश्न तुमच्यापुढे मांडायचा आहे. हे वाद्य छेडलं की लगेच विझतं. मग त्यावर अभंगातला, गझलेतला, ओवीच्या चरणाअखेरचा लांब सूर वाजतो तरी कसा?

आधी ऐका. ही तार आम्ही एकदा छेडतो आणि थांबतो. ऐकलंत? टणकन् आवाज आला आणि दोन सेकंदांत जवळपास संपला. आता शेजारी पेटीवर तोच सूर दाबून धरतो. भात्यात हवा आहे तोवर पेटी बोलत राहणार. साक्री तालुक्यात पावरी ऐकली असेल तुम्ही. तिथेही वाजवणाऱ्याचा श्वास चालू तोवर सूर चालू. सनई तशीच, क्लॅरोनेट तसंच. खान्देशातल्या लग्नात, भजनात, वाजंत्रीत आपला कान अशाच सलग सुरांवर वाढलेला आहे. त्यामुळे भजनाला मँडोलिन घेऊन बसलेल्याला हमखास ऐकावं लागतं, "भाऊ, वाद्य गोड आहे, पण सूर टिकत नाही."

ही तक्रार खरी आहे. मँडोलिनचा सूर टिकत नाहीच. जो टिकल्यासारखा वाटतो तो एक सूर नसतो, ती एकामागून एक आलेल्या आघातांची ओळ असते, आणि मधल्या फटी बुजवण्याचं काम जोडीच्या तारा करतात. हे कसं, ते आज पाहू.

चार जोड्या, तीन पंचम

मँडोलिनला आठ तारा, पण सूर चारच. दोन-दोन तारा शेजारी शेजारी, एकाच सुरात. खालच्या सुरापासून वर गेलं तर त्या पेटीच्या भाषेत अशा येतात : पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. कंपनांत सांगायचं तर सेकंदाला साधारण १९६, २९४, ४४० आणि ६५९. व्हायोलिनच्या चार तारा याच सुरांच्या. आज आपण जे मँडोलिन वाजवतो त्याचं घराणं इटलीतल्या नेपल्सचं, अठराव्या शतकातलं, आणि ही जुळणी तिथूनच आली.

आता आपल्या पद्धतीने मोजा. सगळ्यांत खालच्या तारेला सा म्हणा. दुसरी तिचा पंचम. तिसरी त्या पंचमाचा पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला रे. चौथी त्या रेचा पंचम, म्हणजे ध. सा, प, रे, ध. प्रत्येक पायरी षड्ज-पंचम भावाची. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण पंचमच का? गिटारसारख्या जवळच्या अंतरावर का नाही? कारण मँडोलिन लहान आहे. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तार सुमारे पस्तीस सेंटिमीटर. पडदे इतके जवळजवळ की एकेका बोटाला दोन-दोन पडदे सांभाळता येतात. दोन तारांमध्ये पंचमाचं अंतर म्हणजे सात पडदे, आणि चार बोटं ते सात पडदे हात न हलवता भरून काढतात. म्हणून एकाच जागी हात ठेवून दोन सप्तकांहून जास्त सूर मिळतात. लांब सुराच्या दृष्टीनेही ही गोष्ट महत्त्वाची. डावा हात सरकला की सूर तुटतो; तो जितका कमी सरकेल तितकी सलगता जास्त.

जुळवण्याची सोपी रीत सगळ्यांना माहीत असते : खालच्या तारेचा सातवा पडदा दाबा, वरची मोकळी तार त्याला मिळवा, आणि असंच वर चढत जा. रीत बरोबर आहे, पण ती घोडीवर विश्वास टाकते. बहुतेक मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. धक्का लागला, सगळ्या तारा एकदम काढल्या, की ती सरकते. मग सातव्या पडद्यावरचा सूर किंचित चुकतो, ती चूक दुसऱ्या जोडीत जाते, तिथून तिसरीत, तिथून चौथीत. तीन पायऱ्यांनी ती तिप्पट होते आणि मग आपण तारांना दोष देतो.

तपासायचं कसं? बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा. घंटीसारखा सूर येईल. मग तोच पडदा दाबून छेडा. दोन्ही सूर एक आले तर घोडी जागेवर. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी जराशी मागे, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या बाजूला न्यायची. उतरा असेल तर मानेकडे. सरकवायची केसभरच, आणि तारा थोड्या सैल करूनच.

पेटीबरोबर वाजवायचं असेल तर आम्ही दुसरी रीत सुचवतो. चारही जोड्या पेटीच्या चार पट्ट्यांशी एकेक करून मिळवा. कानाने पंचम अगदी शुद्ध लावत गेलात तर तो पेटीच्या पंचमापेक्षा बारीकसा मोठा येतो. पांढऱ्या सहापासून शुद्ध पंचमाने वर गेलं तर चौथी जोडी ६६० वर बसते, आणि पेटीत ती ६५९ च्या जरा वर आहे. एका छेडीत हे कळणार नाही. पण तुम्ही तोच सूर तीन-चार सेकंद लांबवणार आहात, आणि तेवढ्या वेळात पेटी आणि मँडोलिन यांच्यामध्ये एक हलकी लाट ऐकू येते. आखूड सुरात लपणारी चूक लांब सुरात उघडी पडते.

जोडीतली लाट

आता जोडीकडे येऊ. दोन तारा एका सुरात लावायच्या म्हणजे नेमकं किती एका सुरात?

हे ऐका. एक तार ४४० वर आहे. दुसरी आम्ही मुद्दाम चढवतो, ४४४ पर्यंत. दोन्ही एकदम छेडल्या की वँव-वँव-वँव-वँव, सेकंदाला चार हेलकावे. कंपनांत जितका फरक तितके हेलकावे, हिशोब सरळ आहे. आता उतरवत आणतो. ४४२, दोन हेलकावे. ४४१, सेकंदाला एक. आणि आता हेलकावा इतका लांबला की सूर विझेपर्यंत एकसुद्धा पुरा होत नाही. इथे थांबायचं.

रीत अशी. जोडीतल्या एका तारेला बोट लावून ती मुकी करा. दुसरी पेटीशी किंवा ट्यूनरशी मिळवा. मग पहिली मोकळी सोडा आणि ती ट्यूनरशी न मिळवता तिच्या बहिणीशी, कानाने, हेलकावे ऐकत मिळवा. शेवटचा पीळ नेहमी चढवतानाच द्यायचा. तार जास्त चढली तर पुरती खाली आणून पुन्हा वर न्या. उतरवत आणून सोडलेली तार खोबणीत अडकून राहते आणि दोन मिनिटांत आणखी उतरते.

इथे एक गंमत आहे. दोन तारा अगदी तंतोतंत एक लावल्या तर सूर जास्त टिकेल, असं वाटतं ना? पियानोलाही बहुतेक सुरांना दोन-तीन तारा असतात, आणि गॅब्रिएल वाईनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली दाखवलं की प्रकार वेगळाच आहे. दोन तारा एकाच तालात हलतात तेव्हा दोघी मिळून घोडीला ओढतात. आवाज मोठा येतो, पण शक्तीही भराभर निघून जाते. दोघींत अगदी बारीक फरक असला तर थोड्या वेळाने त्या एकमेकींच्या उलट हलू लागतात, घोडीवरची ओढ कमी होते, आणि उरलेला सूर मंद पण जास्त वेळ रेंगाळतो. मँडोलिनची जोडीही एकाच घोडीवर बसलेली आहे, तेव्हा तत्त्व तेच. याचा अर्थ तारा मुद्दाम बेसूर लावा असा नव्हे. माणसाच्या हाताने जो केसभर फरक राहतो तो शत्रू नाही, एवढाच याचा अर्थ.

खरा शत्रू वेगळा आहे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एकाचं मँडोलिन मोकळं छेडलं की सुरेल लागायचं, आणि वर सातव्या-आठव्या पडद्यावर जोडी फाटायची. त्याने तिसऱ्या जोडीतली एकच तार तुटली म्हणून एकच बदलली होती. जुनी तार घामाने, गंजाने जागोजागी जाड-बारीक झालेली, नवी एकसारखी. दोन्ही मोकळ्या मिळतात, पण पडद्यावर दाबल्या की दोघींची चाल वेगळी. दुसऱ्या दिवशी दोन्ही तारा नव्या घातल्या आणि दुखणं संपलं. एक तुटली तर दोन बदला. तारेच्या किमतीत बचत करायची जागा ही नव्हे.

आणि आपलं ऊन. जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. सावलीत लावलेलं वाद्य मांडवाबाहेर नेलं की तारा तापतात, पोलाद लांबतं आणि सूर उतरतो. हिशोब केला तर तार दहा अंशांनी तापली आणि लाकूड तितकं तापलं नाही, तर तिसरी जोडी अर्ध्या स्वराच्या सुमारे चौथ्या हिस्स्याने उतरते. चौथी जोडी अधिक ताणलेली असते, ती त्याच्या निम्म्यानेच उतरते. म्हणजे नुसतं वाद्य उतरत नाही, जोड्या आपापसातही सुटतात. जिथे वाजवायचं तिथेच दहा मिनिटं वाद्य ठेवा आणि मग लावा.

फट बुजवायची कशी

आता उजवा हात. ट्रेमोलो म्हणजे पिक खाली-वर, खाली-वर भराभर चालवणं. पण नुसतं "भराभर" म्हणून भागत नाही, किती भराभर ते पाहू.

समजा, छेडलेला सूर एका सेकंदात दहाव्या हिश्श्यावर येतो. सेकंदाला चार आघात केले तर प्रत्येक आघातानंतर पाव सेकंद जातो आणि तोवर सूर निम्म्याच्या थोडा वर उरलेला असतो. मग पुढचा आघात त्याला एकदम वर उचलतो. कानाला काय ऐकू येतं? टण, टण, टण, टण. आता सेकंदाला दहा आघात करा. दोन आघातांत सूर फक्त पाचव्या हिश्श्याने कमी होतो. चढउतार लहान झाला, आणि इतक्या जवळचे आघात कानाला वेगवेगळे मोजताही येत नाहीत. ते जुळून एक थरथरता सलग सूर होतो. म्हणून बहुतेक वादकांचा हात सेकंदाला दहा ते चौदा आघातांच्या आसपास स्थिरावतो.

पण एक अडचण राहतेच. पिक तारेला नवा जीव देण्याआधी तिला स्पर्श करते, आणि स्पर्श झाला की तार क्षणभर मुकी होते. एकच तार असती तर दर आघाताला एक बारीक शांतता आली असती. इथे जोडी कामाला येते. पिक खाली येताना आधी वरच्या तारेला लागते, तिला सोडते, मग खालच्या तारेला लागते. ज्या क्षणी एक मुकी आहे त्या क्षणी दुसरी बोलत असते. वर जाताना क्रम उलटा. दोघी एकाच वेळी गप्प बसत नाहीत. भजनात दोन टाळकऱ्यांपैकी एकाने श्वास घेतला तर दुसरा ओळ धरून ठेवतो ना, तसंच.

यावरून हाताच्या चुका आपोआप कळतात. पिक तारांमध्ये खोल रुतत असेल तर ती दोन्ही तारांना एकदम अडवते आणि जोडीचा फायदाच जातो. आवाज येतो खडखडीत, "कर्र" असा. पिकचं टोक तारांच्या खाली मिलिमीटर-दीड मिलिमीटर गेलं की पुरे. दुसरी चूक याच्या उलट : वर जाताना पिक एकाच तारेला लागते. मग खालचा आघात भरीव, वरचा पोकळ, आणि ट्रेमोलो लंगडत चालतो. ओळखायचं असेल तर वेग निम्मा करा आणि फक्त वरचे आघात वाजवून बघा. त्यांत जोडीचा भरीवपणा नसेल तर दुखणं सापडलं. तिसरी चूक कोपरापासून हात हलवण्याची. हालचाल मनगटातून हवी, पाण्याचा हात झटकावा तशी. दंड भरून आला तर समजा, वेग जबरदस्तीने काढला जातोय.

एक सूर, बत्तीस आघात

आता सगळं एकत्र करून बघू. भजनी मंडळात पुरुष गायकांची नेहमीची पट्टी घ्या, काळी एक. चाल संथ कहरव्यातली, मिनिटाला पंचाहत्तर मात्रा. ओळीच्या शेवटी पंचम चार मात्रा लांबवायचा आहे.

पहिला प्रश्न जुळणीचा. नेहमीच्या जुळणीत काळी एकला सा धरलं तर चार मोकळ्या तारा कुठले सूर होतात? मोजा. पांढरी पाच हा तीव्र म, पांढरी दोन कोमल रे, पांढरी सहा कोमल ध, पांढरी तीन कोमल ग. भैरवीला यांतले तीन सूर कामाचे, पण शुद्ध स्वरांच्या चालीला एकही मोकळी तार उपयोगाची नाही. वर चुकून हात लागला तर नेमका नको तो सूर वाजतो.

उपाय असा : आठही तारा अर्ध्या स्वराने उतरवा. जोड्या झाल्या काळी तीन, काळी एक, काळी चार, काळी दोन. म्हणजे म, सा, प, रे. मोकळा सा मिळाला, मोकळा पंचम मिळाला, आणि पंचमांचं नातंही तसंच राहिलं. चढवण्यापेक्षा उतरवणं बरं, कारण अर्धा स्वर चढवला की ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो आणि सगळ्यांत बारीक जोडी तुटायला टेकते. उतरवल्याने ताण अकरा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. त्याची किंमत एकच : जाड जोडी सैल पडून जोरात वाजवली तर पडद्यावर फरफरते. तिथे हात हलका ठेवायचा, किंवा नेहमीच याच पट्टीत वाजवत असाल तर तेवढी जोडी एक नंबर जाड घालायची.

दुसरा प्रश्न आघातांचा. पंचाहत्तरच्या लयीत एका मात्रेला आठ आघात बसवले तर सेकंदाला बरोबर दहा होतात. चार मात्रांना बत्तीस, वेळ तीन सेकंदांच्या थोडा वर. सुरुवात खालच्या आघाताने, पण जोरात नाही. पहिला आघात जोरात पडला की पुढचे एकतीस त्याच्यापुढे फिके पडतात. पहिल्या दोन मात्रांत आवाज हळूहळू वाढवा, शेवटच्या मात्रेत कमी करा. पेटीवाला भाता सांभाळतो तसं हे उजव्या हाताने करायचं. पिक घोडीकडे नेली की सूर टोकदार होतो, मधल्या छिद्राकडे आणली की गोल. लांब सुरासाठी गोल जागा.

शेवट बहुतेकांचा चुकतो. बत्तीस झाले म्हणून हात उचलून घेऊ नका. पुढच्या मात्रेवर खालचा एकच आघात द्या आणि तारा मोकळ्या सोडा. तो सूर आपापला विझू दे. मधेच थांबलेला ट्रेमोलो बटण बंद केल्यासारखा ऐकू येतो.

आणि लयीचं भान ठेवा. हीच चाल मिनिटाला चाळीस मात्रांवर आली तर आठ आघातांनी सेकंदाला जेमतेम पाच होतील, फटी उघड्या पडतील. तिथे मात्रेला सोळा बसवा. म्हणजे लय बदलली की दर मात्रेचा आकडा बदलायचा, हाताचा वेग साधारण तोच ठेवायचा.

जे जमत नाही ते

आता मर्यादा. ट्रेमोलोने सूर लांब होतो, पण मींड मिळत नाही. एका सुरातून दुसऱ्यात वळत जायचं तर तार ओढावी लागते, आणि इथे ओढायच्या दोन तारा आहेत, दोन्ही कडक, दोन्ही सारख्याच ओढल्या गेल्या पाहिजेत. जरा कमी-जास्त झालं की जोडी फाटते. संगीतकार सज्जाद हुसेन हे मँडोलिनवर रागदारी वाजवत, मींडेसकट. ऐकणारे अजून त्याबद्दल बोलतात ते उगाच नाही. कर्नाटक संगीतात यू. श्रीनिवास यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी जोड्याच काढून टाकल्या, पाच एकेरी तारांचं विजेवरचं मँडोलिन घेतलं. एकेरी तार गमकासाठी हवी तशी ओढता येते, आणि सूर टिकवण्याचं काम विजेवर सोपवता येतं.

म्हणजे सौदा आहे हा. जोडी ठेवली तर भरीव ट्रेमोलो मिळतो आणि मींड अवघड होते. जोडी सोडली तर मींड मिळते, पण ट्रेमोलोतल्या फटी बुजवणारी दुसरी तार जाते. भजनाच्या आणि भावगीताच्या साथीला आम्ही जोडीच ठेवतो, आणि मींडेच्या जागी ट्रेमोलो चालू ठेवून बोट पडद्यांवरून घसरवत नेतो. ती मींड नसते, पण डोळे मिटून ऐकलं तर त्याच वळणाची आठवण होते.

आता वाद्य इथेच ठेवतो. ज्यांनी आपलं मँडोलिन आणलंय त्यांनी पुढे यावं. आधी प्रत्येकाची तिसरी जोडी ऐकू, हेलकावे मोजू. मग बत्तीस आघात.